तूप वितळलं म्हणून डब्यातलं कमी होतं का?

मागच्या महिन्यात परभणीला बहिणीकडं गेलतो. सकाळी सहाला उठून बाहेर आलो तर आमचे दाजी अंगणात चंदेरी प्लॅस्टिकचा सूट घालून बुटाच्या लेस बांधायलेत. एप्रिलचा महिना, परभणी, आणि अंगात रेनकोट! म्हणलं दाजी, हे काय घालून हिंडायलात? तर म्हणले, "अरे स्वेट सूट आहे, पोटाला आतून बेल्ट बी आहे. घाम निघाला की चरबी वितळती." बेल्टवर दीड हजार गेलेले, सूटचे वेगळे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो त्यामुळं मला गप बसवत नाही, हा माझा जुना रोग आहे. पण दाजींना तोंडी सांगून उपयोग नसतो म्हणून म्हणलं चला, काटा आणा. घरात वजनकाटा होताच. सूट काढून, फक्त हाफ पँटवर, वजन ८६.४ किलो. मग सूट घालून विद्यापीठाच्या रस्त्यानं पन्नास मिनिटं झपाझप चालून आलो. आल्यावर दाजींनी सूट काढला तर बाह्यांतून अक्षरशः पाणी सांडलं, बेल्ट पिळला तर फरशीवर थारोळं झालं. अंग पुसून परत काट्यावर, ८५.१. एक किलो तीनशे ग्रॅम कमी! दाजी माझ्याकडं असे बघायले की जसं काय मीच पैज हरलो.

बरं आता हिशोब करू. ८६ किलोचा माणूस पन्नास मिनिटं भराभर चालला तर अंदाजे अडीचशे ते तीनशे कॅलरी जळतात. एक ग्रॅम चरबीतून साधारण नऊ कॅलरी मिळतात. म्हणजे समजा त्यातली सगळीच्या सगळी ऊर्जा चरबीतून आली (तशी ती येत नाही, काही साखरेतूनबी येती) तरी चरबी गेली जास्तीत जास्त तेहेतीस ग्रॅम. दोन मोठे चमचे तूप! उरलेलं सव्वा किलोच्या वर जे गेलं ते पाणी आणि चिमूटभर मीठ. दिवसभरात दाजींनी पाणी पिलं, ताक पिलं, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ८६.३. मग त्या दिवशी त्यांना साध्या सुती बनियनवर चालायला लावलं, तेवढाच रस्ता, तेवढाच वेळ. कमी झालं पाचशे ग्रॅम. कॅलरी मात्र जवळपास तेवढ्याच जळाल्या कारण पाय तेवढेच चालले. उलट सूट घातलेल्या दिवशी शेवटची दहा मिनिटं दाजी रेंगाळत होते, मलाच थांबावं लागत होतं.

सगळा घोळ त्या "वितळती" शब्दात आहे. उन्हाळ्यात डब्यातलं तूप वितळतं, म्हणून डब्यातलं तूप कमी होतं का? आणि माणसाच्या अंगातली चरबी तर ३७ डिग्रीला तशीबी मऊ, पातळसरच असते, तिला वेगळं वितळवायची गरजच नाही. ती जळावी लागती. म्हणजे शरीराला ऊर्जा लागली की चरबीच्या पेशीतून ती सुटून रक्तात येती, रक्तातून स्नायूत जाती आणि तिथं ऑक्सिजनबरोबर जळती. जळाल्यावर बाहेर कुठून पडती माहिताय का? बहुतेक नाकातोंडातून! दहा किलो चरबी पुरी जळाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाती आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे हा हिशोब छापून आलेला आहे. घामातून चरबी निघत असती तर दाजींच्या वाळलेल्या बनियनवर तेलकट डाग पडले असते, तिथं तर पांढऱ्या रेघा होत्या. मिठाच्या. चाटून बघा म्हणलं, बहीण हसून हसून बेजार.

मग घाम येतो कशाला? माठ बघा. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडतं म्हणून आतलं गार होतं. आता त्याच माठाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा, बाहेरून ओलाचिंब होईल पण आतलं पाणी कोमटच राहणार. स्वेट सूट म्हणजे ती पिशवी. घाम उडत नाही, अंग गार होत नाही, मग शरीर अजून घाम सोडतं, तरी गार होत नाही, आणि आतला ताप चढत जातो. सॉनाच्या गरम खोलीत घाम काढत बसायचं तर त्याहून सोपं, तिथं पाय पण हलत नाहीत. छाती धडधडती ती कातडीकडं रक्त पळवायला, चरबी जाळायला नाही.

पोटाच्या बेल्टचं म्हणाल तर तिथं अजून एक गंमत आहे. बेल्ट काढल्या काढल्या टेप लावला तर घेर खरंच अर्धा-पाऊण इंच कमी भरतो! कारण आवळून धरलेलं होतं. दुपारपर्यंत परत होतं तसं. बेल्टखाली घाम जास्त येतो कारण तिथं हवा लागत नाही, बास, चरबीला त्याचा पत्ताबी नसतो. आणि एका जागची चरबी काढता येत नाही. १९७१ साली टेनिसवाल्यांचे दोन्ही हात मोजले होते. वर्षानुवर्षं एकाच हातानं रॅकेट मारून त्या हाताचे स्नायू जाड झालेले, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच. विहिरीच्या कुठल्याबी कोपऱ्यातून पाणी शेंदा, पातळी सगळीकडूनच उतरती. कुणाचं तोंड आधी उतरतं, कुणाचं पोट सगळ्यात शेवटी, ते ज्याच्या त्याच्या अंगावर आहे.

आपल्याकडचे पैलवान पण असं घाम काढून वजन उतरवतात की, कुणीतरी म्हणेलच. उतरवतात, पण गटात बसायला. काट्यावरून उतरले की लगेच पाणी पितात, त्यांना पक्कं माहिती असतं की गेलं ते पाणी. आणि तेबी धोक्याचंच आहे. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर पोरं असंच वजन उतरवताना सव्वा महिन्यात मेले, रबरी सूट घालून गरम खोलीत व्यायाम चालला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना दोन्ही बंद केले.

आपला तर मराठवाडा. इथं मे महिन्यात स्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी बनियन भिजतं, वर सूट कशाला? बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवून पाणी काढतात, तसल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये. दाजींचीबी तसलीच गोळी चालू आहे हे मला बहिणीनं नंतर सांगितलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला, कारण प्रयोग मी करायला लावला होता. डोकं ठणकलं, मळमळलं, पिंडऱ्यात गोळे आले, लघवी गडद पिवळी झाली तर थांबून सावलीत बसून पाणी प्यायचं. माणूस काहीबाही बडबडायला लागला तर पाण्यानं भिजवत, वारा घालत सरळ दवाखान्यात न्यायचं.

दाजींना आता एक वही दिलीय. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी वजन लिहायचं आणि आठ दिवसांची सरासरी काढायची, एका दिवसाचा आकडा बघायचाच नाही. रविवारी बेंबीवर टेप, आवळून नाही. भात निम्मा केलाय असं ते सांगतात, बहीण म्हणती पाऊण. तीन आठवड्यांत सरासरी ८६.३ वरून ८५.५ वर आलीय.

सूट भाच्यानं नेला, पावसाळ्यात गाडीवर घालणार म्हणतो. बेल्ट मात्र दाजी अजून लावतात, विचारलं तर म्हणतात कंबर दुखायली.