‘क्लासिकल’ प्रीसेट ख्यालासाठी बनवलेलं नाही

“ब्लूटूथ हेडफोन घेतलात ना? मग कंपनीचं अ‍ॅप उघडा आणि इक्वलायझर असा लावा. बेस आणि ट्रेबल फुल वर, मधलं खाली. कंपनी मुद्दाम आवाज दाबून देते. बोलणं ऐकायचं असेल तर मधले सगळे फुल करा, कॉलवर समोरच्यालाही तुमचा आवाज क्लिअर जाईल. शास्त्रीय संगीताला क्लासिकल प्रीसेट लावा, ते त्यासाठीच बनवलंय. एकदा सेट केलं की परत हात लावायचा नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा!”

असा एक निरोप ग्रुपवर फिरतोय; त्यातला एकेक सल्ला तपासून बघू. इक्वलायझर म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, आणि प्रीसेट म्हणजे त्याची आधीच ठरवून दिलेली मांडणी. उदाहरणासाठी एकच हेडफोन धरून बोलू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. सोनीचा डब्ल्यूएच-१००० एक्सएम४ बऱ्याच जणांकडे आहे. त्याच्या अ‍ॅपचं नाव आधी ‘हेडफोन्स कनेक्ट’ होतं, आता ‘साउंड कनेक्ट’ आहे. त्यात पाच स्लायडर आहेत: ४००, १ हजार, अडीच हजार, ६३०० आणि १६ हजार हर्ट्झचे. सहावा आहे ‘क्लिअर बेस’. प्रत्येकाला उणे १० ते अधिक १० इतकी जागा. म्हणजे ४००च्या खाली जे काही आहे, डग्गा, खर्ज, पुरुषाच्या आवाजाचा पाया, त्या सगळ्यासाठी क्लिअर बेस हा एकटाच स्लायडर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दाबून दिलेल्या आवाजाबद्दल. डिजिटल आवाजाला वरून छत असतं. हल्लीची बहुतेक चित्रपटगीतं या छताला टेकेपर्यंत मोठी करूनच बाहेर पडतात. त्यावर तुम्ही बेस ६ डेसिबल वाढवलात, तर त्या भागातल्या लहरींची उंची दुप्पट होते, आणि छताच्या वर तर जागाच नसते. मग दोनातलं एक होतं. हेडफोन लहरींचे शेंडे कापतो आणि खरखर ऐकू येते, किंवा तो गुपचूप एकूण आवाजच खाली आणतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही बेस वाढवलेला नसतो, गाणं कमी केलेलं असतं.

खरखर कुठून येते हे घरच्या घरी कळतं. स्लायडर आहेत तसेच ठेवा आणि व्हॉल्यूम अगदी कमी करा. तबल्याच्या जोरकस ठोक्यावर तरीही आवाज फाटत असेल, तर तो आकड्यांतच कापला जातोय, आणि वर ओढलेले स्लायडर खाली आणणं हाच उपाय. व्हॉल्यूम मोठा असतानाच फाटत असेल, तर हेडफोनच्या आतल्या पडद्याची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपलीय.

तरीही फुल-फुल लावल्यावर पहिल्या मिनिटात “वा!” निघतं, ते का? कारण सगळं मोठं झालेलं असतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानदारांना हे फार आधीपासून माहीत आहे. म्हणून इक्वलायझर बंद-चालू करून तुलना करताना व्हॉल्यूम जुळवून घ्या. पुष्कळ वेळा ती जादू तिथेच ओसरते.

आणि बेस खरंच कमी वाटत असेल, तर अ‍ॅपच्या आधी कानाकडे बघा. कानात घालायच्या इअरबडचं रबर नीट बसलं नसेल, तर खालचे स्वर फटीतून निसटतात. ही घट दहा डेसिबल किंवा त्याहून जास्त सहज असू शकते. कानावर बसणाऱ्या हेडफोनमध्ये हेच काम चष्म्याची काडी करते. रबराचा मोठा आकार लावून बघणं किंवा गादी काडीवर नीट बसवणं, यातून मिळणारा बेस कुठलाही स्लायडर देणार नाही.

आता बोलण्याकडे येऊ. प्रवचन, व्याख्यान, पॉडकास्ट ऐकताना शब्द कळण्याचं काम मुख्यतः व्यंजनं करतात, आणि त्यांची ओळख साधारण दीड ते पाच हजार हर्ट्झमध्ये असते. ‘ताट’ आणि ‘टाट’ यांतला फरक त्याच पट्ट्यात ऐकू येतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर मात्र १०० हर्ट्झच्या आसपास. कानाचा स्वभाव असा की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. उलट सहसा फारसं होत नाही. म्हणजे शब्द कळत नसतील तर दोष बहुधा मधल्या स्लायडरांचा नसून खालच्या घुमण्याचा असतो. या हेडफोनचा बेस मुळातच जाड आहे.

म्हणून मधले सगळे फुल करण्याऐवजी क्लिअर बेस उणे ४ किंवा ५ वर आणा. ४०० आणि १ हजार शून्यावरच राहू द्या. अडीच हजारला अधिक २ द्या, बस. ४०० आणि १ हजार जोरात चढवले की वक्ता डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. ६३०० वाढवला की ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात. ‘सासूसुनेची’ असा एखादा शब्द आला आणि डोळे बारीक झाले, तर तो स्लायडर एक-दोन अंक खाली घ्या.

कॉलचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. हा इक्वलायझर तुमच्या कानात येणाऱ्या आवाजावर चालतो. तुमचा आवाज माइकमधून वेगळ्या वाटेने जातो, त्याला हे स्लायडर शिवतही नाहीत. कॉल सुरू झाला की ब्लूटूथ आपली पद्धतच बदलतं. संगीताचा स्टिरिओ मार्ग बंद होतो आणि बोलण्याचा मोनो मार्ग उघडतो. त्या मार्गावर जुन्या पद्धतीत जेमतेम ४ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, सुधारित ‘वाइडबँड’ पद्धतीत ८ हजारपर्यंत. १६ हजारचा स्लायडर तिथे कितीही हलवा, हलवायला खाली काही नाहीच. समोरच्याला तुमचं नीट ऐकू येत नसेल तर वाऱ्यापासून आडोसा घ्या, नाहीतर फोन सरळ कानाला लावा.

राहिलं ‘क्लासिकल’. कुणासाठी बनवलंय, हा पहिला प्रश्न. आणि प्रत्येकाने ते सारखंच बनवलंय का, हा दुसरा. व्हीएलसी प्लेयरमधलं ‘क्लासिकल’ उघडून बघा. ३ हजारपर्यंत सपाट आणि ६ हजारपासून वर सात-साडेनऊ डेसिबलची घसरण. अ‍ॅपलच्या म्युझिकमधलं ‘क्लासिकल’ याच्या जवळजवळ उलट: दोन्ही टोकं उचललेली, मध्य किंचित दबलेला. नाव तेच, दिशा विरुद्ध. दोन्हींच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे. तानपुरा, तबला आणि एक गळा यांचा विचार त्यात कुठेच नाही. आपल्या एक्सएम४च्या यादीत तर या नावाचं प्रीसेटच नाही, तेव्हा तिथे हा सल्ला लावायचा तरी कुठे?

काळी एक या पट्टीत गाणारा गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. पण तानपुरा आपल्याला ऐकू येतो तो ६९वर नाही. घोडीवर जवारी लावलेली तार त्या वळणदार पृष्ठभागावर घासत कंप पावते आणि मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांशांची रांगच्या रांग जागी होते, काही हजार हर्ट्झपर्यंत. सी. व्ही. रामन यांनी या जवारीच्या करामतीवर १९२१ सालीच लिहून ठेवलं आहे. मूळ ६९ हर्ट्झ क्षीण असला तरी वरच्या स्वरांशांवरून कान तो स्वर मनातल्या मनात पुरा करतो. म्हणून “खर्ज भरीव हवा” म्हणून क्लिअर बेस चढवणाऱ्याला खर्ज मिळत नाही, डग्ग्याचा धपका तेवढा मिळतो. आणि व्हीएलसीचं ‘क्लासिकल’ लावणारा ६ हजारच्या वरची जवारीची झळाळी पुसून टाकतो. दोघांचाही तानपुरा गेला.

मी असं लावतो. सगळे स्लायडर शून्यावर आणि तबला येण्याआधीचा आलाप सुरू. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या लागतात का आणि त्यांचा झंकार गळ्याच्या मागे सलग राहतो का, ते ऐकायचं. नवं, स्वच्छ ध्वनिमुद्रण असेल तर ६३००ला अधिक १ किंवा २. आवाज नाकात वाटत असेल तर १ हजारला उणे १. मग तबला येऊ द्यायचा आणि लक्ष फक्त डग्ग्यावर. ‘घे’ वाजवताना मनगट दाबून तबलजी स्वर वर चढवतो. ती मींड सुरांत कळली पाहिजे. नुसतं ‘धप्प’ ऐकू आलं तर क्लिअर बेस एकेक अंकाने खाली आणायचा, मींड दिसू लागेपर्यंत. या हेडफोनवर माझा स्लायडर बहुधा उणे ३च्या आसपास थांबतो. तुमचा कान, तुमचं ध्वनिमुद्रण वेगळं असेल; आकडा उचलू नका, कसोटी उचला.

एक अडचण मात्र अशी की, ४००च्या खाली दुसरा स्लायडर नसल्यामुळे डग्गा कमी केला की गायकाच्या मंद्र सप्तकातलं वजनही थोडं जातं. पाच स्लायडरांत याला इलाज नाही. ४००ला अधिक १ देऊन थोडी भरपाई होते, पूर्ण नाही.

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांना यातलं काहीच लावू नका. १९२५च्या आसपास विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्याआधी भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्यांत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच ऐवज आहे. विजेवरच्या तबकड्यांतही ६ हजारच्या वर प्रामुख्याने सुईची खसखस सापडते. तिथे ६३०० आणि १६ हजार हे दोन्ही खाली न्या, उणे ५ किंवा ६पर्यंत, आणि क्लिअर बेसही खाली, म्हणजे यंत्राची घरघर जाते. गाणं होतं तिथेच, मध्यात, राहतं. व्हीएलसीचं ते बदनाम ‘क्लासिकल’ इथे मात्र उपयोगी पडू शकतं, हे कबूल करायला हवं.

परत हात लावायचा नाही, हे तर कानाच्या रचनेलाच धरून नाही. आवाज कमी केला की खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने विरतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे १९३३ साली मोजून दाखवलं. दुपारी मोठ्या आवाजात बसवलेला बेस रात्री घरचे झोपल्यावर, हळू आवाजात, पोकळ वाटणारच. तेव्हा क्लिअर बेसला तीन-चार अंक जास्त दिले तर ते चैन नाही, दुरुस्ती आहे. अ‍ॅपमध्ये स्वतःची मांडणी साठवायला दोन जागा आहेत. एक गाण्याला ठेवा, दुसरी बोलण्याला.

हे सगळं करूनही आवाज विचित्र येत असेल, तर फोनमधला इक्वलायझर तपासा. कंपनीच्या अ‍ॅपची मांडणी हेडफोनमध्येच साठते आणि तिथेच चालते, म्हणून तोच हेडफोन लॅपटॉपला जोडला तरी ती लागू राहते. गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपचा इक्वलायझर मात्र फोनमध्ये चालतो. दोन्ही चालू असले की एकावर एक चढतात. त्यातला फोनमधला बंद करा आणि मग पुन्हा त्याच आलापापासून सुरुवात करा.