माणसं मिळत नाहीत, पण रोजही वाढवायचा नाही

“किमान वेतन वाढवलं की मजूर आळशी होतात, कमी तासांत भागतं म्हणून घरी बसतात. आणि मालकाला परवडत नाही, म्हणून तो माणसं काढतो. गरिबाचंच नुकसान. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.”

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर हा मजकूर २०२४ पासून फिरतो आहे. त्या एप्रिलात मध्य प्रदेशात नवे दर लागू झाले, मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं त्यांना स्थगिती दिली आणि डिसेंबरात ती उठली. पहिल्या दोन वाक्यांत दोन वेगळे दावे आहेत, म्हणून आधी आळसाचं बघू.

झोप वगळून दिवसाचे १६ तास धरा. ते काम आणि फुरसत यांत वाटायचे आहेत. तासाचा दर w, कामाचे तास h, आणि न राबता घरात येणारी रोजची रक्कम N, म्हणजे नवऱ्याचा पगार किंवा खोलीचं भाडं. समाधान म्हणजे मिळकत गुणिले फुरसत, असं साधं गृहीत धरू. आणखी एक तास राबून जे मिळतं आणि फुरसतीचा तास गमावून जे जातं, ते सारखं झालं की माणूस थांबतो. त्यातून निघतं:

h = 8 − N/(2w)

एखाद्या बाईच्या घरात असे रोज १२० रुपये येत असतील, तर ३० रुपये दरानं ती ६ तास काम करते आणि ४० रुपयांनी साडेसहा. दर वाढला तर काम वाढलं! फुरसत महागली ना. आता तेच १२० रुपये येण्याऐवजी रोज हप्त्यात जात असतील, तर N उणे होतो: ३० रुपयांना १० तास, ४० ला साडेनऊ. इथे काम घटलं खरं, पण कर्जात पिचलेल्या माणसाला अर्धा तास श्वास मिळाला तर त्याला आळस म्हणायला जीभ रेटत नाही. आणि N शून्य असेल, तर दर कोणताही असो, ८ तासच. म्हणजे “दर वाढला की काम घटतं” हा नियम नाही, ते घरच्या परिस्थितीवर ठरतं. जी बाई आज कामावरच नाही, तिच्यावर तर फक्त फुरसत महागल्याचाच परिणाम होतो. मजुरी वाढल्यानं ती बाहेर पडेल, घरी बसणार नाही.

आता माणसं काढण्याचं. मालकांची गर्दी असेल आणि मजूर हवं तिथे जाऊ शकत असेल, तर दावा बरोबर आहे: भावापेक्षा वर दर बांधला की मागणी घटते आणि कामाच्या शोधातली रांग वाढते. पण शेव-नमकीनच्या छोट्या कारखान्यात पाकिटं भरणाऱ्या बाईला मुलं शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं असतं. तिला शहराबाहेर पीथमपूरच्या कारखान्यांत चांगला रोज मिळत असला तरी त्याचा उपयोग काय? तिच्यापुरता मालक एकच.

एक काल्पनिक कारखाना घ्या. ३२० रुपये रोजानं ६ बायका येतात, आणि दर आणखी एकीसाठी रोज २० रुपयांनी चढवावा लागतो. सातवी ४२० रुपयांचं काम करून देईल. तिला हवेत फक्त ३४०, मग मालक तिला का घेत नाही? कारण ३४० तिला दिले की आधीच्या सहाजणींनाही २० रुपये वाढवून द्यावे लागतात. तो खर्च १२०, म्हणजे सातवी पडते ४६० ला. मालक ६ वर थांबतो.

आता कायद्यानं ३६० चा दर बांधला. सहाजणींना ३६० द्यायचेच आहेत, त्यामुळे सातवीचा खर्च फक्त ३६०. प्रत्येक पुढचीचं काम आधीच्यापेक्षा २० रुपयांनी कमी भरतं, म्हणजे आठवी ४०० रुपयांचं काम देते, तीही परवडते. कामावरच्या बायका ६ वरून ८ झाल्या. ३८० ला ९ होतात. मात्र तिथून पुढे उलटं फिरतं: ४४० ला पुन्हा ६ आणि ४८० ला ४. तेव्हा “किमान वेतन चांगलं की वाईट” हा प्रश्नच अपुरा आहे. दर किती आणि मालकाची पकड किती, हे विचारा.

हे फक्त कागदावरचं नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत किमान दर ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ झाला, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या फास्टफूडच्या दुकानांची तुलना केली, तर न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांची आकडेवारी घेऊन उलट निष्कर्ष काढला आणि तो वाद बरीच वर्षं चालला. त्यामुळे मीही “कधीच घटत नाहीत” म्हणणार नाही.

आपल्या गल्लीत ओळखायची एक खूण मात्र आहे. दुकानाबाहेर “माणूस पाहिजे”ची पाटी महिनोन्‌महिने लटकते, मालक “माणसं मिळत नाहीत” म्हणून कुरकुरतो, आणि तरी रोज वाढवत नाही. गर्दीच्या बाजारात असं टिकत नाही, कारण माणसाअभावी नफा बुडत असेल तर तो रोज वाढवेलच. तो वाढवत नाही, कारण नव्या माणसापेक्षा जुन्या सहाजणींची वाढ त्याला बोचते. ही पाटी जिथे लटकते आहे, तिथे दर थोडा चढवल्यानं माणसं काढली जातील, असं म्हणणाऱ्यानं आधी ती पाटी वाचावी.