डीएपी कमी येणार हे दारात आल्यावर सांगू नका

आज दुपारी एका खताच्या दुकानापुढं चार एकरवाली मावशी पोत्यांचं भाडं ठरवूनच ऑटोतून उतरली. "माल संपला, परवा या." परवा येईल का, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. गाडीत निम्माच माल आहे हे मात्र त्याला चार दिवसांपासून ठाऊक होतं. संताप त्याचाच येतो.

दुकानदार भावांनो, वितरकाचा फोन आला की त्याच संध्याकाळी कळवा. नुसतं "माल शॉर्ट आहे" लिहिलं की लोक घाबरून दुप्पट मागतात. किती पोती, कोणत्या दिवशी, एकरी किती मिळणार, नावाचं पोतं कधीपर्यंत ठेवणार, एवढं लिहा. पुढची गाडी नक्की नसेल तर तसंच लिहा. ज्यांच्याकडं व्हॉट्सअ‍ॅप नाही, त्यांच्या गावात कुणाकडून तरी निरोप धाडा.

आता वाटप. समजा ३० पोती आली आणि गिऱ्हाइकं चार, सोयाबीन २०, १०, ६ आणि ४ एकर. शिफारस हेक्टरी ६० किलो स्फुरदाची, म्हणजे एकरी २४. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो असतं. म्हणून एकरी एक पोतं धरा, गरज ४० ची झाली. पण वीसवाल्यानं भीतीपोटी ४० मागितली, दहावाल्यानं १२, बाकी दोघांनी लागतील तेवढीच. मागणीच्या प्रमाणात वाटलं तर १९, ६, ३ आणि २ पोती जातात. जास्त मागणाऱ्याचं रान भागलं, खरं बोलणाऱ्या मावशीचं निम्मं कोरडं राहिलं. पुढच्या वर्षी तीही आठ मागेल.

एकरावर वाटा. एकरी पाऊण पोतं म्हणजे १५, साडेसात, साडेचार आणि ३. पोतं फोडायचं नाही, म्हणून १५, ७, ४, ३ द्या. उरलेलं एक सहा एकरवाल्याला, कारण अर्ध्या पोत्याची तूट लहान रानाला जास्त जाणवते. एकर सातबाऱ्यावरून धरा. बटईवाल्याच्या नावावर सातबारा नसतो, त्याच्या मालकाला फोन लावा, पण त्याला वगळू नका.

जुनं रोखीचं गिऱ्हाईक जपावं लागतं, मान्य. त्याला आधी फोन करा, पोतं जास्त देऊ नका.

आणि उरलेल्या एकराचं काय, तेही त्याच निरोपात सांगा. एका डीएपीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेटची ३ पोती आणि साधारण २० किलो युरिया टाकला की नत्र-स्फुरद जुळतं, वर सोयाबीनला लागणारं गंधकही मिळतं. पोती तिप्पट वाहावी लागतात, भाडं वाढतं, ते लपवू नका. मात्र "डीएपी हवं तर हे औषध घ्या" असं लिंकिंग करू नका. ते बेकायदा आहे.

मावशीला हे चार दिवस आधी कळलं असतं तर तिनं तीन पोत्यांचं भाडं ठरवलं असतं, आणि चौथ्या एकरासाठी सुपर फॉस्फेट बघितलं असतं. आज ती रिकाम्या ऑटोचं भाडं देऊन परत गेली.