आईची मालिका म्युनिकमध्ये का दिसेना

मे महिन्यात आई म्युनिकला गेली, धाकट्या भावाकडे, 90 दिवसांसाठी. दादरहून निघताना औषधं, गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि टॅबलेट एवढं तिनं स्वतःच्या हातानं बॅगेत भरलं. टॅबलेटवर एका मराठी ओटीटी अ‍ॅपवरची तिची मालिका. वर्षाचे पैसे फेब्रुवारीतच भरून झालेले. आदल्या रात्री मी सहा भाग डाऊनलोड करून दिले. विमानात तिनं दोन बघितले, बाकीचे घरी पोचल्यावर बघू म्हणाली.

भावाकडे पोचून टॅबलेट वाय-फायला जोडला तेव्हा उरलेले चारही भाग यादीत दिसत होते, पण उघडत एकही नव्हता. पडद्यावर एकच ओळ यायची: This content is not available in your region. व्हिडिओ कॉलवर आई मला विचारत होती, "अगं, पैसे तर भरलेत ना आपण?" वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तिला वाटलं की आपल्याच हातून काहीतरी चुकीचं बटण दाबलं गेलं. मला सगळ्यात वाईट त्याचं वाटलं, आणि म्हणून हे सविस्तर लिहितेय. उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आईवडील आपल्या सगळ्यांच्याच घरात आहेत.

आधी डाऊनलोडबद्दल. डाऊनलोड केलं म्हणजे ते आपलं झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात टॅबलेटमध्ये उतरते ती कुलूपबंद फाइल, आणि तिच्यासोबत एक डिजिटल परवाना. परवान्याला मुदत असते आणि नेट मिळालं की अ‍ॅप तो सर्व्हरकडून पुन्हा तपासून घेतं. विमानात नेट नव्हतं, म्हणून भाग चालले. म्युनिकच्या वाय-फायवर तपासणी झाली, सर्व्हरला जर्मनीचा आयपी पत्ता, म्हणजे नेटच्या जोडणीचा क्रमांक, दिसला आणि परवाना नाकारला गेला. फाइल तशीच जागा अडवून बसली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आमचा पुढचा सगळा घोटाळा ती न कळल्यामुळे झाला. अडवणारी कुलपं दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. पहिलं विचारतं, तुम्ही आत्ता कुठे आहात? त्याचं उत्तर आयपी पत्त्यावरून मिळतं. दुसरं विचारतं, तुमचं खातं कुठल्या देशाचं? ते ठरतं अ‍ॅप स्टोअरमध्ये नोंदलेल्या देशावरून आणि पैसे भरायच्या साधनावरून. कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनच ते कुठल्या बँकेचं, कुठल्या देशाचं हे कळतं. आईचं अडलं होतं फक्त पहिल्या कुलपापाशी. तिचं खातं भारताचंच होतं, ठणठणीत.

हे ओळखायचा साधा उपाय मी तिला फोनवर सांगितला. तिच्या मोबाइलवर दहा दिवसांचा रोमिंग पॅक होता. टॅबलेटचं घरातलं वाय-फाय बंद करायला लावलं, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून त्याला जोडायला सांगितलं. आणि मालिका लागली! म्युनिकच्या सोफ्यावर, तिच्या नेहमीच्या शीर्षकगीतासकट. कारण असं की भारतीय सिमवरच्या रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा फिरून आपल्या मूळ कंपनीच्या भारतातल्या गेटवेतूनच बाहेर पडतो. शरीरानं तुम्ही जर्मनीत, पण आयपी पत्ता भारताचा. परदेशात फिरण्यासाठी हल्ली जी वेगळी ई-सिम घेतात, त्यांच्यावर हे जमेलच असं नाही. त्यांचा डेटा कधीकधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो. पण घरच्या सिमच्या रोमिंगवर चाललं आणि वाय-फायवर अडलं, तर नक्की समजा, अडचण फक्त जागेची आहे. खात्याला हात लावू नका.

अर्थात हा उपाय निदानापुरताच. रोमिंगचा डेटा मोजून मिळतो, तीन महिने रोज मालिका बघायला तो पुरत नाही. आईचा पॅक सहाव्या दिवशी संपला.

आणि मग भावानं खात्याला हात लावला. त्याचा हेतू चांगला होता, आईची तगमग त्याला बघवत नव्हती. टॅबलेटवरच्या अ‍ॅप स्टोअरनं जर्मनीतलं नेट ओळखून देश बदलायचा पर्याय समोर ठेवला होता. त्यानं स्वतःचं जर्मन बँकेचं कार्ड घातलं आणि आईचा देश जर्मनी करून टाकला. त्याला वाटलं, आता सगळं जुळेल. मालिका तरीही लागेना, म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला गेला. अ‍ॅप स्टोअरमध्ये सापडेचना! ते अ‍ॅप जर्मनीच्या स्टोअरमध्ये ठेवलेलंच नव्हतं. म्हणजे आता दुसरं कुलूपही लागलं. रोमिंगचा नवा पॅक घेऊनही उपयोग नव्हता, कारण चालवायला अ‍ॅपच शिल्लक नव्हतं. स्टोअरमधली तिची 340 रुपयांची शिल्लक भारताच्या प्रोफाइलपाशी अडकली. तिच्या सहकारी बँकेच्या अ‍ॅपचे अपडेटही थांबले. त्यानं लगेच देश परत भारत करायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं की त्या स्टोअरवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो.

आयफोनवर रीत वेगळी आहे, पण तिथेही देश बदलणं सोपं नाही. आधी शिल्लक संपवावी लागते, चालू सबस्क्रिप्शन बंद करावी लागतात, फॅमिली शेअरिंगच्या गटात असाल तर त्यातून बाहेर पडावं लागतं आणि नव्या देशातलं पैसे भरायचं साधन द्यावं लागतं. हे सगळं कायमचं स्थलांतर करणाऱ्यांसाठी केलेलं आहे. तीन महिन्यांच्या पाहुण्यानं खात्याचा देश बदलायचा नसतो. हे कुठेतरी ठळक अक्षरांत लिहिलेलं असायला हवं होतं. आईच्या टॅबलेटवर ते दोन टिचक्यांत झालं.

ऑगस्टमध्ये आई परत आली तेव्हा मी घरच्या वाय-फायवर तिचं एक नवीन खातं उघडलं. ते मुंबईत उघडल्यामुळे आपोआप भारताचं झालं. टॅबलेटमध्ये जुनं खातं तसंच ठेवून हे दुसरं जोडलं आणि त्यातून अ‍ॅप उतरवलं. मालिकेचे पैसे स्टोअरमार्फत न भरता थेट अ‍ॅपवर यूपीआयनं भरले होते, त्यामुळे सबस्क्रिप्शन तिच्या मोबाइल नंबरशी बांधलेलं होतं. ओटीपी टाकला आणि सगळं जागच्या जागी आलं. स्टोअरमधून पैसे भरले असते तर ते जुन्या खात्यालाच चिकटून राहिलं असतं. पुढच्या वेळी पैसे भरताना हे लक्षात ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते: पैसे भरलेल्या बाईला परदेशात तिची मालिका का बघता येऊ नये? मी स्वतः गोरेगावच्या एका निर्मिती संस्थेत करारांची कागदपत्रं बघते, त्यामुळे हे कुलूप कुठे घडतं ते मला रोज दिसतं. कॉपीराइट देशागणिक विकला जातो. ओटीटीचे हक्क एकाला, सॅटेलाइटचे दुसऱ्याला, ओव्हरसीजचे तिसऱ्याला. करारात एक ओळ असते, Territory: India, आणि त्या एका ओळीमुळे म्युनिकमधला पडदा बंद होतो. प्रदेशाचा उल्लेखच केला नाही तर? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19(6) सांगतं की प्रदेश नमूद नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असं धरावं. कलम 30अ मुळे हे परवान्यांनाही लागू होतं. म्हणजे निर्मात्याची हरकत नसली, त्याला उलट आनंदच असला, तरी कागदावर काही न लिहिणं म्हणजे भारताबाहेर बंदी.

ओव्हरसीज हक्क विकत घेणाऱ्याची बाजू मी नाकारत नाही. मराठी सिनेमा परदेशात दाखवणारे लोक, तिथल्या महाराष्ट्र मंडळांसोबत शो लावणारे, पदरचे पैसे घालतात. जो माणूस म्युनिकला कायमचा राहायला गेला, तो त्यांचा प्रेक्षक आहे, आणि त्यानं भारतातल्या स्वस्त सबस्क्रिप्शनवर बघावं असं मी म्हणणार नाही. पण माझी आई त्यांचा प्रेक्षक नाही. ती पाहुणी आहे, तिचं तिकीट परतीचं आहे आणि पैसे तिनं इथे भरलेत.

हा फरक करता येतो, आणि जर्मनीत तो केलेलाही आहे. युरोपियन युनियनमध्ये 1 एप्रिल 2018 पासून 2017/1128 क्रमांकाचा नियम लागू आहे. भावाच्या मजल्यावरचा जर्मन शेजारी सुट्टीला स्पेनमध्ये गेला तर त्याच्या पैसे भरलेल्या सेवेला त्याच्या घरचाच कॅटलॉग तिथे दाखवावा लागतो, जादा पैसे न घेता. त्यांनी केलेली तोड मला फार आवडली. माणूस स्पेनमध्ये असला तरी कायद्याच्या दृष्टीनं तो कार्यक्रम जर्मनीतच पाहिला गेला असं मानायचं. करारात याच्या विरुद्ध काही लिहिलं असेल तर ते कलम लागूच होत नाही. गैरफायदा टळावा म्हणून सेवा देणाऱ्यानं ग्राहक मुळात कुठल्या देशात राहतो हे कार्ड, पत्ता अशा पुराव्यांवरून तपासायचं. फुकट सेवांवर ही सक्ती नाही.

हा नियम युनियनच्या देशांपुरता आहे. मुंबईच्या पाहुणीला त्याचा उपयोग नाही, आणि भारताचा कायदा जर्मनीतल्या हक्कांवर चालणार नाही हेही खरं. पण करारात तेच वाक्य घालायला कुणाची मनाई आहे? "भारतात पैसे भरलेला, भारतीय मोबाइल नंबरचा ग्राहक परदेशात गेल्यास वर्षात 90 दिवसांपर्यंत पाहू शकेल." एवढंच. आई गेली चार वर्षं दादरच्या एकाच वाय-फायवरून बघतेय, हे अ‍ॅपच्या सर्व्हरला माहीत आहे. ती पाहुणी आहे हे ओळखायला त्यांना आणखी कसला पुरावा हवा?

"व्हीपीएन टाक की" असं मला चार जणांनी सांगितलं, म्हणजे सगळं नेट दुसऱ्या देशातून फिरवून तिथला आयपी पत्ता दाखवणारं अ‍ॅप. ते सेवेच्या अटींत बसत नाही, ओळखीचे व्हीपीएन पत्ते बरेचदा अडवलेच जातात, आणि ज्या टॅबलेटवर आईचं बँकेचं अ‍ॅप आहे त्याचा सगळा व्यवहार कुठल्यातरी फुकट व्हीपीएनच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

आमच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात एका नव्या नाटकाच्या चित्रीकरणाचा ओटीटी करार आला. Territory च्या ओळीखाली मी ते 90 दिवसांचं वाक्य जोडून पाठवलं. निर्मात्यांनी एका फोनवर हो म्हटलं. समोरच्या कंपनीच्या वकिलाकडून अजून उत्तर आलेलं नाही, सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.