अचूक, पण चारच पायऱ्यांची

«तक्त्यातल्या कोणत्याही खान्यात ५ पेक्षा कमी आकडा असला की काय-स्क्वेअर बाद. सरळ फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावायची. ती अचूक असते, त्यामुळे सॅम्पल कितीही छोटं असलं तरी निकाल पक्का. आणि पी ०.०५ च्या वर आला की फरक नाही असं बिनधास्त लिहून टाकायचं.»

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या पोरांच्या मोबाइलवर हमखास पोचतो, आणि मग माझ्या टेबलावर तीच चार वाक्यं वेगवेगळ्या अक्षरांत येतात. काय-स्क्वेअर आणि फिशर या दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायच्या परीक्षा. मेसेजमधलं एकेक वाक्य घेतो.

पहिल्या वाक्यातला पाच हा आकडा खरा आहे, पण तो भलत्याच ठिकाणी लावलाय. पाचाचा नियम शेतात मोजलेल्या आकड्यांसाठी नाही, अपेक्षित आकड्यांसाठी आहे. अपेक्षित म्हणजे, दोन गटांत काहीच फरक नसता तर त्या खान्यात जे यायला हवं होतं ते. काढायची रीत सोपी: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. समजा १५ झाकलेल्या रोपांत एकही रोगट नाही आणि १५ उघड्या रोपांत १२ रोगट आहेत. एका खान्यात चक्क शून्य आहे. पण रोगट खान्यांचे अपेक्षित आकडे ६ आणि ६, निरोगी खान्यांचे ९ आणि ९. काय-स्क्वेअर इथे खुशाल लावा. आता उलटं बघा. १० रोपांत ५ रोगट, दुसरीकडे ६० रोपांत ५ रोगट. चारही खान्यांत पाच किंवा त्याहून जास्त आहेत, मेसेजप्रमाणे सगळं आलबेल. पण पहिल्या गटात अपेक्षित रोगट रोपं १० × १० ÷ ७०, म्हणजे जेमतेम १.४. घसरायची जागा ही आहे. आर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना `chisq.test(x)$expected` एवढं लिहिलं की चारही अपेक्षित आकडे समोर येतात. त्यातला एखादा पाचाखाली असेल तर आर स्वतःच `Chi-squared approximation may be incorrect` असा इशारा देतं. तो इशारा खोडून प्रिंट काढणारे महाभागही पाहिलेत.

आता फिशर. वर्गात मी एक तक्ता फळ्यावर काढतो. शेत बेतलेलं आहे, आकडेमोड खरी आहे. रावेरकडची केळीची मृगबाग, टिश्यूकल्चरची २० रोपं. १० रोपांवर क्रॉप कव्हर, १० उघडी. काही आठवड्यांनी सीएमव्ही हा विषाणूचा रोग, म्हणजे आपला हरण्या, किती रोपांवर दिसतो ते मोजायचं. झाकलेल्यांत १ रोगट, ९ निरोगी. उघड्यांत ६ रोगट, ४ निरोगी. एकूण रोगट ७, म्हणजे प्रत्येक गटात अपेक्षित रोगट ३.५. पाचाच्या खाली.

फिशरचा विचार असा आहे. कव्हरचा काहीच उपयोग नाही असं धरू. मग ही सात रोपं तशीही आजारी पडणारच होती, कव्हर कोणावर आलं हा निव्वळ योगायोग. वीस रोपांतून सात निवडायचे एकूण प्रकार ७७,५२०, आणि सगळे सारख्याच शक्यतेचे. त्यात झाकलेल्यांत एक आणि उघड्यांत सहा असे प्रकार किती? दहातून एक निवडायचे १०, दहातून सहा निवडायचे २१०, गुणाकार २,१००. याहून टोकाचा तक्ता एकच: झाकलेल्यांत शून्य, उघड्यांत सात. त्याचे प्रकार १२०. दोन्ही मिळून २,२२०. भागाकार ०.०२८६. ही एका बाजूची शक्यता झाली. दुसऱ्या टोकालाही, म्हणजे झाकलेल्यांतच सहा किंवा सात रोगट निघण्यालाही, तेवढीच शक्यता आहे. दोन्ही बाजू मिळून येणारी शक्यता म्हणजे पी, इथे ०.०५७. गट सारखे आहेत म्हणून इथे दुप्पट करून भागलं. गट असमान असले की दुप्पट करणं आणि «इतकेच किंवा याहून दुर्मीळ तक्ते बेरजेत घेणं» यांची उत्तरं वेगळी येतात. आर दुसरी रीत वापरतं.

```
x <- matrix(c(6, 1, 4, 9), nrow = 2)
fisher.test(x)
chisq.test(x, correct = FALSE)
```

याच तक्त्यावर साधा काय-स्क्वेअर ५.४९ येतो आणि पी ०.०१९. फिशरच्या तिसरा हिस्सा. `correct = FALSE` विसरलात तर आर न विचारता येट्सची दुरुस्ती लावतं आणि पी ०.०६१ होतो. एकाच बॅचचे दोन विद्यार्थी एकाच तक्त्याचे दोन पी घेऊन भांडत येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मग ०.०१९ चूक आणि ०.०५७ बरोबर? मेसेजमधला «अचूक» हा शब्द इथेच फसवतो. मला या प्रतिवादात सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच शब्दाबद्दल.

सात रोगट आणि दहा-दहाचे गट पक्के धरले, तर तक्ते बनतात फक्त आठ. झाकलेल्यांत शून्यापासून सातापर्यंत. टोकं जोडीने येतात, म्हणून दोन बाजूंचे पी फक्त चार: ०.००३, ०.०५७, ०.३५ आणि १. पाचवा पी या शेतात निघूच शकत नाही. हे म्हणजे किराणा दुकानात किलोचं आणि पाच किलोचंच वजन असावं, तसं झालं. वजनं खरी आहेत, पण अडीच किलो तोलायचे कसे? तुम्ही ०.०५ ची रेघ ओढता, ती ०.००३ आणि ०.०५७ यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडते. याचा अर्थ, सात रोपं आजारी पडली तर सातच्या सात एकाच गटातली निघाल्याशिवाय फिशर मान हलवणार नाही. तुम्ही कागदावर शंभरात पाच वेळा चुकायची मुभा घेतलीत, प्रत्यक्षात परीक्षा हजारात तीनचीच मुभा वापरते. रोगटांची बेरीज बदलली की पायऱ्या बदलतात, पण चुकीची शक्यता पाच टक्क्यांवर कधी जात नाही. बहुतेकदा बरीच खाली राहते. अचूक आहे ती मोजणी. निर्णय मात्र जरुरीपेक्षा जास्त कडक होतो.

हा कडकपणा येतो कुठून, हेही बघायला हवं. फिशरने १९३५ मध्ये चहाचं जे प्रसिद्ध उदाहरण दिलं, त्यात आठ कप होते: चारांत दूध आधी ओतलेलं, चारांत चहा आधी. चाखणाऱ्या बाईंना चार-चार आहेत हे सांगितलेलं होतं, म्हणून त्याही चारच निवडणार. दोन्ही बाजूंच्या बेरजा आधीच ठरलेल्या. नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १. केळीच्या शेतात तसं नाही. दहा-दहा आपण ठरवले, पण रोगट सातच निघतील हे कोणी ठरवलं होतं? पाच निघाले असते, नऊ निघाले असते. बार्नार्ड या संख्याशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये नेमका हाच मुद्दा काढला आणि ती बेरीज पक्की न धरणारी परीक्षा मांडली. पुढे बॉशलूची आली. तिचा पी फिशरच्या पीपेक्षा कधीच जास्त येत नाही, आणि चूक पाच टक्क्यांपुढे न जाण्याची हमी तेवढीच राहते. पायथॉनमध्ये `scipy.stats.boschloo_exact` तयार आहे. त्याहून साधा उपाय मिड-पी: हातातल्या तक्त्याची शक्यता पूर्ण न धरता अर्धीच धरायची. आपल्या तक्त्यात १२० अधिक १,०५०, भागिले ७७,५२०, दुप्पट. उत्तर ०.०३. मिड-पीला पाच टक्क्यांची कडक हमी नाही, ती क्वचित थोडी ओलांडली जाते. मला स्वतःला लहान तक्त्यांसाठी तो आवडतो. पण कोणती परीक्षा लावणार हे रोपं मोजण्याआधी वहीत लिहिलेलं असावं. चारही चालवून सगळ्यात लहान पी उचलला, तर एकीचाही आकडा खरा उरत नाही.

शेवटचं वाक्य, «फरक नाही», सगळ्यात महागात पडतं. हा तक्ता फळ्यावर असताना यावलकडचा एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला होता, «सर, दहात एक आन् दहात सहा, हे डोयाले दिसते ना भो!» त्याचे डोळे बरोबर होते. नमुन्यात रोगट रोपांचं प्रमाण १० टक्के आणि ६० टक्के आहे. शक्यतांचं गुणोत्तर, म्हणजे ६ × ९ ला ४ × १ ने भागून, १३.५ येतं. खरं गुणोत्तर कुठून कुठवर असू शकतं याचं जे ९५ टक्क्यांचं अंतर `fisher.test` याच्याशेजारी देतं ते १ च्या, म्हणजे फरक नसण्याच्या, जरा खालून सुरू होतं आणि शंभराच्या पलीकडे जातं. (तिथे छापलेलं गुणोत्तर १३.५ नसेल. आर ते दुसऱ्या रीतीने काढतं. घाबरू नका.) या अंतराचा अर्थ «फरक नाही» असा होत नाही. फरक नसेलही, प्रचंडही असेल, वीस रोपांना ते सांगता येत नाही, असा होतो. कव्हरचा खर्च करायचा की नाही हे ठरवणाऱ्याला ०.०५७ पेक्षा हे अंतर जास्त कामाचं आहे.

आणि हे सगळं किती नाजूक आहे बघा. झाकलेल्यांतलं ते एकमेव रोगट रोप. पानावर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे होते म्हणून हरण्या म्हटलं. पण जस्ताच्या कमतरतेनेही केळीच्या पानावर पट्टे येतात. तपासणीत ते रोप विषाणूचं नाही असं निघालं, तर तक्ता शून्य आणि सहा असा होतो आणि फिशरचा पी ०.०५७ वरून ०.०११ वर येतो. आणि ते खरंच रोगट असून, उघड्यांतल्या सहातलं एक चुकीचं धरलेलं निघालं, तर एक आणि पाच, पी ०.१४. एका पानाच्या निदानावर निष्कर्ष इकडचा तिकडे. सॅम्पल छोटं असलं तरी निकाल पक्का म्हणणाऱ्याने हे तीन आकडे एका ओळीत लिहून बघावेत.

शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती कोणतीच परीक्षा पकडत नाही. सीएमव्ही पसरतो तो माव्यामुळे, आणि काकडीवर्गीय वेल व तणं हे त्या विषाणूचं घर. दहा झाकलेली रोपं विहिरीकडच्या एका सरीत आणि दहा उघडी रोपं बांधाकडच्या सरीत असतील, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची काकडी असेल, तर ७७,५२० प्रकार सारख्याच शक्यतेचे उरत नाहीत. सगळी मोजणी ज्या गृहीतावर उभी आहे तेच गेलं. अशा शेतात तुमच्याकडे वीस रोपं नाहीत, दोन सऱ्या आहेत. चिठ्ठ्या टाकून कव्हर कोणत्या रोपावर हे ठरवलं होतं का, हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत फिशरच्या आधी विचारतो.