बीट वाहून गेलं

सहावीच्या वर्गाला 'घरच्या वस्तूंनी कापड रंगवू या' असं सांगितलं आणि त्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्याची आशा सोडली. दसरा नुकताच झालेला, त्यामुळे पोरांनी गावभरची वाळलेली तोरणं उतरवून झेंडूची पोती आणली. हळद प्रत्येकीच्या डब्यातून आली. बीट मात्र बाजारातून विकत आणलं आणि वर्गाचा सगळा जीव त्यातच अडकला.

कोऱ्या सुती कापडाला खळ असते, म्हणून आधी ते धुण्याच्या सोड्यात तासभर उकळलं. मग १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजत घातलं. तुरटीतलं ॲल्युमिनियम धाग्यालाही धरतं आणि रंगालाही, हे मी तळमळीने सांगत होतो. मागून आवाज आला, "सर, बीट कवा टाकायचं?"

टाकलं. पातेल्यात असं गर्द जांभळं-गुलाबी पाणी झालं की पोरांनी टाळ्या पिटल्या. कापडही तसंच निघालं. मग ते बादलीत खळबळलं. बादली गुलाबी झाली, कापड मळकट पांढरं.

"सर, रंग कथा गया?"

बीटाच्या रंगाला पाणीच प्रिय. सुती धाग्याशी तो घट्ट जमतच नाही, तुरटीच्या मध्यस्थीनेही नाही, आणि फार उकळलं तर स्वतःच तपकिरी पडतो. हे ऐकून घेईल तो सहावीचा वर्ग कसला? 'बीट कमी पडलं' असा निकाल एकमताने झाला, आणखी बीट किसलं गेलं आणि दुसरी बादलीही गुलाबी झाली. रंग टिकला तो फक्त तळहातांवर.

झेंडूला कुणी विचारत नव्हतं. नुसत्या पाकळ्या पाऊण तास मंद आचेवर उकळून, गाळून, त्यात तुरटीचं कापड शिजवलं. ते पिवळंधमक निघालं आणि धुतल्यावरही पिवळंच राहिलं. याच्यावर टाळ्या नाहीत.

खरी आफत हळदीने आणली. तिचे रुमाल विनातुरटीचेही झकास रंगले, म्हणून पोरांनी ते घरी नेले. दुसऱ्या दिवशी एक आजी रुमाल घेऊन फाटकात हजर. घरी साबण लावताच त्यावर लाल-तपकिरी डाग उमटले होते आणि सूनबाई घाबरली होती. मी आम्ल-अल्कली सुरू करणार, तोच आजी म्हणाल्या, "मास्तर, हळदले चुना लागना का कुकू व्हस. हाई बी माहीत नही का तुमले?"

साबणही चुन्यासारखाच अल्कधर्मी. मी मुकाट्याने लिंबू पिळलं आणि डाग पुन्हा पिवळे झाले. आजींचं समाधान झालं. माझं थोडा वेळच टिकलं, कारण दुसरा हळदीचा रुमाल मी अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर ठेवला होता. आमच्याकडचं ऑक्टोबरातलं ऊन ठाऊकच आहे. काही दिवसांत उघडी बाजू फिकी पडली, झाकलेली तशीच राहिली.

पोरांनी तो रुमाल निरखला आणि विचारलं, "सर, आता बीटाला लिंबू पिळून बघू?"