‘निमंत्रक’ बदलला की सगळी पत्रिका बदलते

प्रतिक्रिया : आईवडील हयात असताना मुलांनी स्वतःच्या नावाने लग्नाची पत्रिका काढायची, वर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’सुद्धा गाळायचं, हा तुमचा सल्ला वाचून वाईट वाटलं. आमच्या पुतणीनं नेमकं तेच केलं. पत्रिका हातात घेऊन म्हातारी माणसं विचारतात, हे लग्न कोणाच्या घरचं? खर्च केला म्हणून आईबाप पुसून टाकायचे का? — एक वाचक, म्हार्दोळ

नमस्कार काका,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथं चूक माझी आहे. आईवडिलांची नावं कुठं घालायची, हे मी मूळ लेखात लिहिलंच नव्हतं. आपल्याकडे नुसतं नाव सांगून कोणाची ओळख पटत नाही, ‘तूं कोणाचो रे?’ हा प्रश्न येतोच. त्यामुळे नुसत्या दोन नावांची पत्रिका गोव्यात अर्धवटच म्हणायची.

‘चि.’बद्दल मात्र मी ऐकणार नाही. ‘चिरंजीव’ हा मोठ्यांनी धाकट्याला दिलेला आशीर्वाद आहे. वडील ‘आमचा चि.’ लिहितात ते शोभतं. मुलगा स्वतःच बोलावणं करत असेल, तर तो स्वतःलाच आशीर्वाद देतोय असं होतं. ‘सौ. कां.’चंही तेच. आपणच आपल्याला ‘श्री.’ लावत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मागच्या वर्षी फोंड्याच्या एका जोडप्यानं मला प्रूफ दाखवलं. दोघंही तिशी ओलांडलेली, हॉल आणि जेवणाचे पैसे त्यांचेच. छापखान्यातला नेहमीचा मजकूर तसाच ठेवून त्यांनी फक्त खाली ‘निमंत्रक’ म्हणून स्वतःची नावं टाकली होती. वर छापलेलं : ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक हिचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे.’ आता वाचा. ‘आमची कन्या’ म्हणजे खाली सही करणाऱ्या नवराबायकोची कन्या! मुलीच्या आजीनं पहिल्यांदा हेच पकडलं आणि पोट धरून हसली.

आपली पत्रिका हे मुळात एकच लांब वाक्य असतं आणि ते बोलणारा एकच असतो. तो बदलला की ‘आमचे येथे’ जातं, कारण नव्या जोडप्याचं असं ‘येथे’ अजून नसतं. ‘करण्याचे योजिले आहे’ही जातं, कारण ते दुसऱ्याचं कार्य करून देणाऱ्याचं क्रियापद आहे. ‘वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ हे ‘आम्हांस’ होतं. शेवटी आम्ही हा मजकूर ठरवला :

॥ श्री मंगेश प्रसन्न ॥ ॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥
कुलदेवतांच्या कृपेने आणि आमच्या आईवडिलांच्या आशीर्वादाने आमचा विवाहसोहळा अमुक दिवशी, अमुक मुहूर्तावर, अमुक ठिकाणी होत आहे. आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन आम्हांस आशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
आपले,
अमुक (सौ. व श्री. अमुक, कवळे, यांची कन्या)
तमुक (श्रीमती तमुक व कै. तमुक, मंगेशी, यांचा मुलगा)

मुलाचे वडील हयात नव्हते. वडीलधाऱ्यांनी काढलेल्या पत्रिकेत मग ‘निमंत्रक कोण’ म्हणून काकांच्या नावावरून रुसवेफुगवे झाले असते. इथं ‘कै.’ लावून वडील मुलाच्या नावाखालीच आले आणि तो वाद उठलाच नाही. गावाची नावं मात्र मुलीच्या आईच्या आग्रहानं आली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईंनी माझ्याआधी दिलं होतं.

‘विवाहबद्ध होत आहोत’ असं मुद्दाम टाळलं. आपल्याकडे गोव्यात लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते, आणि या दोघांची दुसरी सही सोहळ्याच्या आधीच होणार होती. म्हणजे कायद्यानं ते आधीच नवराबायको. आईवडील लिहितात तेव्हा हे कोणी बघत नाही, पण स्वतः ‘होत आहोत’ लिहिताना मुलीला ते खटकलं. ‘सोहळा’ म्हटल्यावर मिटलं.

एक राहिलं. पत्रिकेवरचा निमंत्रक आणि विधीतला यजमान एकच असायला हवा, असं नाही. देवकार्याला बसले ते आईवडीलच, कन्यादानही त्यांनीच केलं. भटजींनी पत्रिका बघितलीसुद्धा नाही. देवापुढं ठेवायची पहिली पत्रिका मंगेशीला घेऊन गेली तीही मुलाची आईच.

तुमच्या पुतणीच्या पत्रिका उरल्या असतील आणि अजून वाटायच्या असतील, तर आईवडिलांच्या नावांची आणि गावांची एक चिठ्ठी आत घालता येईल. नव्यानं छापायची गरज नाही.